ठिपका आमच्या घरावर

माझ्या सासूबाईंना अख्खा मोहल्ला चेनवाली म्हणतो. पँटची चेन, बॅगेची चेन, जॅकेटची चेन, बिघडली की चेनवालीकडे न्यायची. नवे कपडे त्या शिवत नाहीत. नव्याला कोणीही हात घालतं, जुनं उसवून परत जोडायला डोळे लागतात, असं त्यांचं म्हणणं. तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या. पुढची रस्त्याला लागून, तिथे खिडकीखाली त्यांचं पायाचं मशीन. मागे आम्ही तिघं झोपतो, जेवतो, भांडतो. भांडणात मी आघाडीवर असते हे आधीच सांगून टाकते. माझी जीभ जरा तिखट आहे आणि ती मी कधी लपवलेली नाही.

सासूबाईंचं तसं नाही. त्या पदरी येईल ते सोसणाऱ्यातल्या. गिऱ्हाइकाने पँट तीनदा परत आणली तरी तोंडातून वाकडा शब्द नाही. फक्त दोरा तोडताना दातांचा आवाज जरा मोठा यायचा, त्यावरून मला कळायचं.

तर अशा बाईच्या दारात गेल्या वर्षापासून लोक चोर शोधायला यायला लागले.

पहिला आला तो एक टेम्पोवाला. हातात बायकोचा फोन, त्यावर नकाशा, नकाशावर हिरवा ठिपका. म्हणाला, "माझा मोबाइल तुमच्या घरात आहे. गुपचूप द्या, मी काही बोलणार नाही." सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे विचारलं, "कुठली चेन म्हणालात?" त्यांना वाटलं गिऱ्हाईक आहे. तो भडकला. त्याने मशीनचा खण उघडला, कपड्यांचा गठ्ठा उपसला. मी आतून लाटणं घेऊनच बाहेर आले. फोन काही सापडला नाही. जाताना मात्र तो उंबऱ्यावरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, की नकाशा खोटं बोलत नाही, माणसं बोलतात.

मग एक कॉलेजची मुलगी आली. मग दोन भाऊ आले, ते तर पोलिसाला घेऊनच आले. प्रत्येकाच्या नकाशावर ठिपका आमच्याच छपरावर. मला वाटायला लागलं, कोणी करणी-बिरणी केली की काय. गल्लीत कुजबूज सुरू झाली. आगीशिवाय धूर निघत नाही म्हणे. शेजारच्या बाईने शिवायला टाकलेली मुलांची दप्तरं न दुरुस्त करताच परत नेली. "घाई आहे," म्हणाली. उसवलेली दप्तरं परत न्यायची कसली आली आहे घाई?

खरं कोडं सोडवलं ते त्या पोलिसाने. माणूस वयस्क होता, घाईत नव्हता. त्याने त्या भावांचा फोन हातात घेतला आणि दोन बोटांनी नकाशा लहान केला. ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसायला लागलं, चांगलं मोठं. त्यात आमची गल्ली, बसस्टँड, बाजार, दवाखाना, सगळं मावत होतं.

"हे बघा," तो म्हणाला, "फोनला मोकळं आकाश दिसलं तर तो नेमकी जागा सांगतो. जिन्याखाली, तळघरात, असल्या दाटीच्या गल्ल्यांत ते जमत नाही. मग तो जवळच्या टॉवरवरून अंदाज बांधतो आणि म्हणतो, मी या वर्तुळात कुठेतरी आहे. नकाशाला ठिपका कुठेतरी ठेवायचा असतो, म्हणून तो मधोमध ठेवतो. आता त्या मधोमध यांचं घर आहे, याला या बाई काय करणार?" मग खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून म्हणाला, "आणि ही वेळ वाचलीत का? कालची आहे. फोन बंद पडायच्या आधी शेवटचा कुठे होता, एवढंच हे सांगतं. आत्ता कुठे आहे ते नाही."

बसस्टँडवर गर्दी, बाजारात गर्दी. तिथे फोन पडायचे, चोरले जायचे, चोर ते बंद करायचे आणि शेवटचा अंदाज येऊन बसायचा आमच्या डोक्यावर. एवढंच होतं. पण एवढं कळायला आमच्या नाकी नऊ आले होते.

त्या दिवसापासून सासूबाईंनी एक शिरस्ता पाडला. कोणी फोन घेऊन तणतणत आलं की आधी स्टूल पुढे करायचं, पाणी द्यायचं. मग म्हणायच्या, "ठिपका राहू दे. वर्तुळ केवढं आहे ते दाखव. वेळ किती वाजताची आहे? त्या वेळी तू काय करत होतास?" बरेच जण बडबडत निघून जायचे. पण ती कॉलेजची मुलगी तिच्या आईला घेऊन परत आली होती. तिचा फोन बाजाराच्या तळघरात, बटणांच्या दुकानात काउंटरखाली पडलेला सापडला होता. दुकानदाराने उचलून ठेवला होता, तिथे खाली रेंजच येत नाही. मुलीने सासूबाईंच्या हातात केळ्यांचा घड ठेवला आणि रडली. सासूबाई म्हणाल्या, "रडतेस काय, तुझ्या जॅकेटची चेन बघ किती अडकते आहे, काढ इकडे."

अशा आमच्या सासूबाई. आता त्या मंगळवारचं सांगते.

त्यांना साखरेचा आजार. सकाळी गोळी घ्यायची आणि त्यावर वेळेत पोटभर खायचं, नाहीतर साखर खाली जाते. एकदा तशी गेली होती. घामाने थबथबल्या आणि मला ओळखेनात. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, गोळी घेतल्यावर जेवणाची वेळ चुकवायची नाही. पुन्हा असं झालं आणि जवळ कोणी नसलं तर बाई हातची जाईल. तेव्हापासून मी बेकरीच्या पॅकिंगच्या कामावर जाण्याआधी त्यांचा डबा भरून मशीनशेजारी ठेवते.

त्या दिवशी दुपारी मी कामावरून आले तर दार ओढून घेतलेलं, आमचे हे रात्रपाळी करून मागच्या खोलीत झोपलेले आणि डबा जसाच्या तसा. मी झाकण उघडून बघितलं. पोळीचा तुकडासुद्धा मोडलेला नव्हता. गोळ्यांच्या पाकिटातली सकाळची गोळी मात्र काढलेली होती.

मी ह्यांना हलवून उठवलं. "आई कुठे आहेत?"

"असेल कुठेतरी. शेजारी वगैरे."

फोन लावला तर बाई सांगते, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेजारी नव्हत्या, किराणावाल्याकडे नव्हत्या.

मग ह्यांना सुचलं. आईंच्या फोनचं खातं मीच उघडून दिलं होतं, पासवर्ड आम्हाला ठाऊक होता. ह्यांनी आपल्या फोनवर ती फोन शोधायची सोय उघडली. जरा वेळ गोल गोल फिरलं आणि ठिपका आला. आमच्या घरावर.

"बघ," ह्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "फोन घरातच आहे. विसरून गेली आहे ती. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

आणि ऐका, मलाही पटलं. वर्षभर येईल त्याच्याशी मी भांडले होते, ठिपका खोटा आहे म्हणून. पण ते परक्यांचे फोन होते, आमच्या घरात असायचं त्यांना काही कारणच नव्हतं. आईंचा फोन आईंच्या घरी दिसला तर त्यात शंका कसली घ्यायची? आम्ही फोन शोधायला लागलो. ह्यांनी वाजवायचं बटण दाबलं, पण फोनशी संपर्कच नाही तर वाजणार काय. मग आम्ही हाताने शोधलं. मशीनचा खण, चिंध्यांची पिशवी, उश्या, डाळीचे डबे, मोरीवरची फळी. मी दुरुस्तीच्या कपड्यांचा गठ्ठा उपसत होते, पँटी जमिनीवर भिरकावत होते, आणि एकदम माझा हात थांबला. त्या टेम्पोवाल्याने हेच केलं होतं. ह्याच गठ्ठ्यात, अगदी असाच हात घालून.

"अहो," मी म्हटलं, "इथे नाहीये फोन."

"नीट बघ. इथेच दाखवतोय."

"सगळ्यांचेच इथे दाखवतो."

"अगं, पण हा तिचा आहे," ते म्हणाले.

मी बाहेर गेले. समोर केस कापणारा दादा असतो, त्याचं अर्धं लक्ष कात्रीवर आणि अर्धं गल्लीवर. त्याला विचारलं. म्हणाला, "सकाळीच गेल्या की. अकराच्या आसपास. फोनवर बोलत बोलत गेल्या. कोणाला तरी सांगत होत्या, संध्याकाळपर्यंत पँट देते म्हणून."

फोनवर बोलत गेल्या. म्हणजे फोन बरोबर होता.

मी धावत आत आले आणि ह्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. बारीक अक्षरं वाचली. वेळ साडेअकराच्या सुमाराची. अकराला फोन घराबाहेर पडला आणि साडेअकराला घरात दिसतोय.

"परत येऊन ठेवला असेल आणि पुन्हा गेली असेल," हे म्हणाले. गादीवर बसले होते, बसूनच होते. "हे बघ, तू शोधायला जा हवं तर. मी इथे थांबतो. इथे दाखवतोय म्हणजे ती इथेच येणार."

मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. पण चेहरा बघितला आणि कळलं, हा माणूस घाबरला आहे. ठिपका खरा असेल तर आई ठीक आहे. तो खोटा असेल तर आई कुठेतरी आहे, गोळी घेतलेली, उपाशी, आणि अडीच तास आम्हाला पत्ता नाही. त्यांनी ठिपका धरून ठेवला होता, बुडताना काडी धरावी तसा.

मी दोन बोटांनी नकाशा लहान केला. निळं वर्तुळ बाहेर आलं. तेच ते, बसस्टँड, बाजार, दवाखाना. त्यांचा फोन जुना, त्यात बॅटरी वाचवायचं बटण त्या कायम चालू ठेवायच्या. त्यालाही अंदाजावरच भागवावं लागलं होतं. एवढ्या पसाऱ्यात एक म्हातारी कुठे शोधायची?

मग मला त्यांचंच वाक्य आठवलं. त्या वेळी तू काय करत होतास?

मी मशीनकडे बघितलं. सुईखाली एक राखाडी पँट अर्धवट होती. जुनी चेन उसवून बाजूला ठेवलेली आणि नवी लावायची जागा मोकळी. शेजारी चेनचा डबा उघडा. काळ्या होत्या, निळ्या होत्या, राखाडी एकही नव्हती. संध्याकाळी द्यायची ती हीच पँट. डबा न खाता बाई उठली, कारण पाच मिनिटांचं काम, चेन घेऊन येते आणि मग खाते.

"बटणांचं दुकान," मी म्हटलं. "तळघरातलं."

ह्यांनी ठिपक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग चपला न घालता उठले.

बाजार गाठला तर तळघराचं शटर खाली. पानवाल्याने सांगितलं, मंगळवारी बटणवाला बारालाच बंद करतो, आता उद्या सकाळी. ह्यांनी शटरवर दोन्ही हातांनी बडवलं, "आई, आई" करून हाका मारल्या. आतून काही नाही. पाटीवर नंबर होता, तो लावला. बटणवाले काका झोपेतून बोलले. "तुमच्या आई? आल्या होत्या की. चेन घेतली आणि गेल्या."

"वर जाताना बघितलंत?"

"नाही. गल्ल्यावर गिऱ्हाईक होतं."

"काका, मागे काय आहे तुमच्या?"

"मागे बाथरूमचा बोळ आहे," ते म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज बदलला. "आलोच मी."

ते येईपर्यंत जो वेळ गेला तो मला आजही सरत नाही. बनियनवरच आले. शटर वर गेलं, आम्ही पायऱ्या उतरलो, खोक्यांच्या रांगांमधून मागे गेलो.

बोळात ओली फरशी होती आणि सासूबाई भिंतीला टेकून पडल्या होत्या. एक पाय विचित्र वळलेला, अंग घामाने भिजलेलं, डोळे अर्धे मिटलेले. एका हातात राखाडी चेन, दुसऱ्या हातात फोन. फोन चालू होता. रेंजच्या जागी नुसती फुली.

मी काकांना ओरडून पानवाल्याकडे साखर आणायला पिटाळलं. अजून गिळत होत्या, म्हणून थोडी थोडी ओठांच्या आत लावली, चोळली. हे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि "आई, ए आई" याच्यापुढे त्यांना शब्द सुचत नव्हता. बऱ्याच वेळाने सासूबाईंनी डोळे माझ्यावर आणले आणि म्हणाल्या, "पँट द्यायची आहे." तेव्हा माझा बांध फुटला.

अँब्युलन्सवाल्यांनी स्ट्रेचर वर आणून फूटपाथवर टेकवलं. उजेडात येताच आईंच्या हातातला फोन थरथरायला लागला. आमच्या चुकलेल्या कॉलचे सगळे मेसेज एकदम आले, एकामागून एक, थांबेचनात. ह्यांनी खिशातून आपला फोन काढला. ती शोधायची सोय अजून उघडीच होती. वेळ बदलली होती, आत्ताची झाली होती. पण ठिपका हलला नव्हता. आई त्यांच्या पायाशी पडली होती आणि नकाशा सांगत होता, आई घरी आहे. त्यांनी तो फोन मला दाखवला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. पायाचं मशीन आता चालवता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हटलं, मोटर बसवू. त्या म्हणाल्या, "बघू." त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला लग्नापासून माहीत आहे.

दोन दिवसांनी, मी त्यांचे केस विंचरत होते, तेव्हा त्यांनी आपणहून विषय काढला.

"शटर ओढल्याचा आवाज मला आला गं. हाक मारली, पण आवाज फुटेना. फोन लावला, लागेना. मग म्हटलं, घाबरायचं कशाला. घरी दोघं आहेत, फोनवर बघतील मी कुठे आहे ते. येतीलच एवढ्यात."

माझा कंगवा थांबला.

"आई, तुम्हीच तर सगळ्यांना सांगत होता, ठिपका खोटा असतो म्हणून."

"सांगत होते की," त्या म्हणाल्या. "तिथे पडल्या पडल्या तेही आठवलं मला. पण म्हटलं, लोकांचा असेल खोटा. माझी माणसं शोधणार, म्हणजे माझा तरी खरा निघेल."

मी पुन्हा केस विंचरायला लागले. आम्हीही अगदी तेच म्हटलं होतं, घरी बसून, त्याच वेळी.

परवा एक बाई आली, फोन पुढे धरून, डोळे लाल. "माझा मोबाइल तुमच्याकडे आहे." मी तोंड उघडणार, एवढ्यात आतून, पलंगावरून आवाज आला. "अगं, तिला आधी बसायला दे."

मी स्टूल पुढे केलं.